भित्तिपत्रातील जपानी चौकट

मलकापूरच्या एखाद्या वनस्पती-अभ्यासकाने आंबा घाटाच्या परिसरातील जांभ्या दगडाच्या सड्यांवर पाहणी केली आणि तिचे भित्तिपत्र जपानातील परिषदेत मांडण्याचा योग आला, अशी कल्पना करू. ८४ बाय ११९ सेंटिमीटरच्या त्या पत्रावर इंग्रजी मजकूर ८०० शब्दांचा, आणि जपानीच्या वाट्याला आली आहे कोपऱ्यातील २५ बाय २० सेंटिमीटरची चौकट. जपानी अक्षर चौरसात बसते; ते सेंटिमीटरभर ठेवून ओळीमागे दोन सेंटिमीटर उंची दिली, तर २५० अक्षरे मावतात, म्हणजे शंभराच्या आसपास इंग्रजी शब्दांचा ऐवज. अक्षर बरेच बारीक केल्यास गुंतागुंतीच्या चित्राक्षरांतील रेषा दुरून एकमेकींत मिसळतात.

अशा वेळी सारा मजकूर आधी भाषांतरित करून मग छाटणे हे व्यर्थ श्रम होत. प्रस्तावना आणि पद्धतीचा तपशील इंग्रजीत आहेच. चौकटीत शीर्षक, निष्कर्ष आणि मुख्य आलेखाच्या अक्षांचा खुलासा एवढेच यावे. परंतु खरी अडचण निष्कर्षातच आहे. मूळ वाक्य असे धरू: ‘एका पावसाळ्यातील पाहणीत चराईबंद चौकटींमध्ये फुलझाडांच्या जाती अधिक आढळल्या; मात्र मातीच्या खोलीचा परिणाम वेगळा काढता आला नाही.’ घाईचा संक्षेपकार पहिली कात्री ‘एका पावसाळ्यातील’वर आणि दुसरी ‘मात्र’पासून पुढे चालवतो, आणि मर्यादित निरीक्षणाचा सरसकट सिद्धांत होऊन बसतो.

जपानीत हा धोका अधिक, कारण मराठीप्रमाणेच तेथे क्रियापद वाक्यान्ती येते आणि ‘असे सूचित झाले’, ‘असे वाटते’ यांसारखी सावधगिरी त्या शेपटातच वसते. जागा वाचविण्यासाठी जपानी मथळे नामावर संपविण्याची जी रूढ रीत आहे, ‘ताइगेन्-दोमे’, ती हे शेपूटच उडविते. सुदैवाने तोडही त्याच रीतीत आहे: वाक्य ‘केइको’, म्हणजे ‘कल’, या दोन चित्राक्षरी नामावर संपविले, की ‘चराईबंद चौकटींत जाती अधिक असण्याचा कल’ एवढे म्हणता येते. पावसाळ्याची अट दोन-तीन अक्षरांत बसते, आणि मातीची अट ‘मि’ या निषेधसूचक उपसर्गाने ‘मृत्तिकेची खोली: अविभक्त’ अशी थोडक्यात निभावते.

वनस्पतींच्या नावांचा प्रश्न त्यामानाने सोपा. शास्त्रीय नावे रोमन लिपीतच राहतात. त्यांशेजारी ज्या वंशास जपानी नाव आहे तेथे ते द्यावे. सड्यावर फुलणाऱ्या गेंदाच्या वंशाला तिकडे ‘होशिकुसा’, तारकातृण, म्हणतात. वंशदर्शक अक्षरासह पाचच अक्षरांत जपानी वनस्पतिज्ञाला घरची ओळख पटते. (मला वाटते, त्या पाच अक्षरांपायी प्रस्तावनेचे एक वाक्य खुशाल गाळावे.)

छापण्यापूर्वी ही चौकट, मूळ इंग्रजी न दाखवता, जपानी वाचणाऱ्या कोणास द्यावी आणि पाहणी किती काळ चालली, काय आढळले, काय ठरविता आले नाही, हे त्याच्या तोंडून ऐकावे. तिसऱ्या प्रश्नाला तो अडखळला, तर सजावटीचे छायाचित्र लहान करून मातीच्या अटीसाठी आणखी एक ओळ मोकळी करावी लागेल.