विनोदाचा नेम

दोन मित्रांचा वाद पेटला असता तिसऱ्याने केलेला विनोद कधी पाणी ठरतो, कधी तेल. हा फरक नेमाचा आहे, असे आम्हांस वाटते.

देवळातील भजनी सप्ताहाची रात्र घ्या. दोघे गायक मित्र. एकास काळी एक सोयीची, दुसऱ्यास काळी दोन. पट्टीवरून शब्द वाढतो, जुने मानापमान निघू लागतात. तबलजी बिचारा हातोडीने गट्टे ठोकून तबला चढवतो, उतरवतो, पुन्हा चढवतो. अशा वेळी ‘तुझा गळा वर जातच नाही’ असे कोणी हसत म्हटले तरी तो घावच. कारण मग एकट्यालाच माघार घ्यावी लागते. उलट एखादे वृद्ध गृहस्थ म्हणतात, ‘अहो, भांडण तुमचे आणि मार खातो तो तबला!’ दोघांचीही नजर एकमेकांवरून ढळून तबल्याकडे जाते. हरले कोणीच नाही, म्हणून दोघांनाही हसता येते.

याची खूण सोपी आहे. दोघांची नावे अदलाबदल करूनही विनोद तसाच राहिला, तर तो प्रसंगावर आहे. सारे हसत असता एक जण खाली पाहू लागला, तर नेम चुकला.

मात्र हसण्याने पट्टी ठरत नाही. उसंत तेवढी मिळते. त्या उसंतीतच पूर्वार्ध काळी एकमध्ये, उत्तरार्ध काळी दोनमध्ये, असे ठरवून घ्यावे. आणि एकाने दुसऱ्यावर खरोखरच अन्याय केला असेल, तर दोघांना सारखे लेखणारा विनोद हाही पक्षपातच होय. तेथे आधी न्याय, मग हसू.