हुकलेल्या तिकिटाचा हिशेब

घरातलं कुणी सारखी लॉटरीची तिकिटं घेत असेल तर आपण त्याला बहुधा एकच गोष्ट ऐकवतो: अशी कुणाला लॉटरी लागते का? हे त्यालाही माहीत असतं. पण परवाच्या सोडतीत त्याचा एकच अंक चुकलेला असतो आणि पुढचं तिकीट तो त्या हुकलेल्या अंकापायी घेतो. म्हणून अशा माणसाशी बोलायचं तर जिंकण्याच्या शक्यतेआधी हुकण्याची शक्यता मांडून दाखवावी, असं माझं मत आहे.

हिशेबासाठी एक सोपी सोडत धरू. दहा मालिका, प्रत्येक मालिकेत ००००० ते ९९९९९ असे एक लाख क्रमांक, म्हणजे एकूण दहा लाख तिकिटं. पहिलं बक्षीस एकालाच. विजेत्या मालिकेत पाचपैकी नेमका एक अंक चुकलेली तिकिटं पंचेचाळीस असतात, कारण प्रत्येक जागी उरलेल्या नऊपैकी कुठलाही अंक येऊ शकतो. दहाही मालिका धरल्या तर अशी तिकिटं साडेचारशे. त्यात क्रमांक तंतोतंत जुळला पण मालिका वेगळी, अशी नऊ मिळवा. एका विजेत्यामागे ४५९ माणसं ‘थोडक्यात गेलं’ म्हणत घरी जातात.

लहान बक्षिसांत हे आणखी ठळक दिसतं. समजा, शेवटच्या चार अंकांवर दोनशे रुपयांची बक्षिसं आहेत आणि निकालात असे वीस आकडे छापलेत. चार अंकांच्या दहा हजार शक्यतांपैकी वीस जिंकतात. पण त्या प्रत्येक आकड्याला एका अंकानं हुकणारे छत्तीस शेजारी असतात. म्हणजे हुकणारे आकडे सातशेच्या घरात. आठवड्याला पाच तिकिटं घेणाऱ्याला दोनशेचं बक्षीस सरासरी दोन वर्षांतून एकदा लागेल, आणि एका अंकानं हुकलेलं तिकीट साधारण तीन आठवड्यांतून एकदा हातात पडेल. हे सगळं निव्वळ गणितानं घडतं. त्यात ग्रह नाहीत, स्टॉल बदलण्याचा संबंध नाही, ‘हा आकडा बरेच दिवस आलेला नाही’ यालाही अर्थ नाही. मागची सोडत पुढच्या सोडतीला काही कळवत नाही.

मन मात्र हुकण्याकडे वेगळ्या नजरेनं बघतं. केंब्रिज विद्यापीठातले ल्यूक क्लार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये जुगाराच्या यंत्राचा खेळ खेळणाऱ्यांच्या मेंदूचं चित्रण केलं. थोडक्यात हुकल्यावर मेंदूचे जे भाग जागे झाले, त्यातले काही जिंकल्यावर जागे होणारेच होते. हुकणं लोकांना आवडलं नाही, तरी पुन्हा खेळावंसं वाटलं. सभ्य, हिशेबी माणूस तिकिटात कसा अडकतो याचं उत्तर मला त्यात सापडतं. त्याला लोभी म्हणणं अन्यायाचं आहे.

माझे मामा वाळवा तालुक्यातले, साखर कारखान्यातून निवृत्त झालेले. ईपीएस-९५ ची पेन्शन दोन हजारांच्या आसपास. कराडला बाजाराला गेले की तिकिटं घ्यायची, आठवड्याला साधारण दोनशेची. म्हणजे पेन्शनचा चाळीस टक्के भाग. मामीला आकडा माहीत नव्हता; मामांनाही नव्हता, कारण पैसे सुटे सुटे जात होते. मामा जुनी तिकिटं पत्र्याच्या डब्यात ठेवत आणि निकालाची कात्रणं त्यांना टाचत. तो डबा घेऊन आम्ही ओसरीवर बसलो. लागलेली एका बाजूला, एका अंकानं हुकलेली दुसऱ्या बाजूला, बाकीची मध्ये. हुकलेल्यांचा ढीग वाढत गेला तसे मामा गप्प झाले. मग म्हणाले, “आरं, हे तर दर म्हयन्याला हुकतंय की!” मी काही बोललो नाही. एवढे दिवस ज्याला ते आपलं नशीब जवळ आल्याची खूण समजत होते, ती नेहमीची गोष्ट निघाली.

तिकीट बंद करा, असं आम्ही म्हटलं नाही. राज्य सरकारची लॉटरी १२ एप्रिल १९६९ पासून चालते आणि लोकांनी मटक्याकडे वळू नये हा तिचा एक सांगितलेला हेतू होता. मिरजेच्या पलीकडे कर्नाटकात २००७ पासून लॉटरीला बंदी आहे, अलीकडे महाराष्ट्रात सरकारच तिकीट विकतं. ‘हे बेकायदा आहे’ असं घरच्यांना म्हणता येत नाही. तेव्हा प्रश्न घराच्या पैशांपुरता उरतो आणि तो रुपयांतच सोडवावा लागतो.

मर्यादा तिकिटांच्या संख्येत ठरवू नये, कारण बंपर सोडतीचं तिकीट महाग असतं. आम्ही महिन्याला दोनशे रुपये ठरवले. पेन्शन आली की तेवढे पाकिटात काढायचे आणि ते गेले असंच धरायचं. पाकीट संपलं की महिना संपेपर्यंत तिकीट नाही; उरलं तर पुढच्या महिन्यात भर नाही. मामी कालनिर्णयावर दुधाचा हिशेब लिहायची, त्याच चौकोनात मामा तिकिटाचे रुपये लिहू लागले.

बजेटला भोक पडतं ते लहान बक्षिसातून. दोनशे रुपये लागले की माणूस स्टॉलवरच त्यांची तिकिटं घेतो आणि ‘घरचे पैसे तर नाही गेले’ असं स्वतःला समजावतो. पण हातात आलेलं बक्षीस घरचंच असतं. त्यामुळे बक्षीस कितीही असो, ते मामीकडे जमा होईल आणि पाकीट वाढणार नाही, हे आधीच ठरलं. हेच कलम पाळायला सर्वांत अवघड गेलं.

तिकिटाची रक्कम मुळात कुठं जाते, हेही मामांना सांगावं लागलं. २२ सप्टेंबर २०२५ पासून लॉटरीवर चाळीस टक्के जीएसटी आहे आणि तो छापील किमतीतच धरलेला असतो. शंभराच्या तिकिटातले सुमारे साडेअठ्ठावीस रुपये सोडतीआधीच करात गेलेले असतात; बक्षिसं, कमिशन आणि सरकारचा वाटा उरलेल्यातून. वर मोठ्या बक्षिसावर तीस टक्के आयकर आणि त्यावर उपकर. दहा लाख लागले तर हातात सहा लाख अठ्ठ्याऐंशी हजार येतात. आजवर तिकिटांवर घातलेला खर्च त्यातून वजा करता येत नाही.

हा उपाय सगळ्यांना लागू पडत नाही. हरल्यावर रक्कम वाढते का, तिकिटं लपवली जातात का, भिशीचा हप्ता चुकतो का, दूध डेअरीच्या बिलावर उचल घेतली जाते का, हे पाहावं. आठवड्याला पन्नास रुपये घालवणाऱ्यात ही लक्षणं असली तर तो पाचशे घालवणाऱ्यापेक्षा जास्त अडचणीत असू शकतो. २०१३ पासून अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदान-पुस्तिकेत जुगाराचा आजार व्यसनांच्या गटात गणला जातो. अशा माणसाला गणित दाखवून उपयोग नाही, पाकीटही तो दोन दिवसांत रिकामं करतो. तिथं टेली-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोलावं, किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे जावं. साताऱ्यात परिवर्तन ही संस्था व्यसनमुक्तीचं काम करते. आणि त्याच्यावर देणं झालं असेल, तर घरच्यांनी फेडायचे पैसे त्याच्या हातात न देता ज्याचे आहेत त्यालाच द्यावेत, आणि तो हिशेब त्याच्या समोर बसून करावा.