सहा कामट्या कमी

गेल्या वर्षी माझी एक छोटी गोष्ट एका बालविशेषांकात आली. आजी आणि नात मिळून नातीचा पहिला आकाशकंदील करतात, एवढीच तिची हकिकत. त्या अंकावरच्या चर्चेत एका समीक्षकांनी माझी गोष्ट उदाहरणादाखल घेतली आणि तिची साल काढली. त्यांचं म्हणणं असं होतं: अशा गोष्टींतली आजी सर्वज्ञ असते, मूल थक्क होण्यापुरतं असतं आणि शेवटच्या परिच्छेदात दिवा लागतो. कंदील दारावर विकत मिळत असताना तो घरी करण्याची गोष्ट लिहिणं म्हणजे संपलेल्या कामाचं दरवर्षी श्राद्ध घालणं.

मला राग आला. उत्तर लिहायचं म्हणून मी माझीच गोष्ट पुन्हा काढून वाचली आणि एका वाक्यावर अडखळले. ‘दोघींनी कामट्या बांधल्या, रंगीत कागद चिकटवले आणि बघता बघता कंदील तयार झाला.’ या ‘बघता बघता’मध्ये सगळा कंदील मी गिळून टाकला होता. गोष्ट ज्या कामाबद्दल आहे ते कामच तिच्यात नव्हतं. समीक्षकांना उत्तर द्यायचं तर आधी कंदील करून बघायला हवा होता.

मी पदविका अभियांत्रिकीच्या मुलांना पूल आणि छपरांच्या कैच्या शिकवते. कोणता सांगाडा उभा राहतो आणि कोणता डुलतो, हा माझा रोजचा विषय. तरीही बांबूचा कंदील मी कधी केला नव्हता. आईला विचारलं, तर तिचं उत्तर माझ्या गोष्टीच्या मुळावरच आलं. “मी तरी कुठे बांधलाय? बाबा आणि दादा सांगाडा बांधायचे. आम्ही बहिणी खळ शिजवायचो, कागद लावायचो, झिरमिळ्या कातरायचो.” म्हणजे कंदील नातीचा पहिला होता, तसाच आजीचाही पहिला होता. आजी सर्वज्ञ असते हा आक्षेप समीक्षकांनी माझ्या गोष्टीवर घेतला, तो खराच होता. मी आईला न विचारता तिच्या तोंडी ज्ञान घातलं होतं.

पुण्यातल्या बुरुड आळीतून आम्ही कामट्या आणल्या. पेन्सिलीच्या निम्म्याहून बारीक, सरळ, गाठी तासलेल्या. बाजूला चार चौकोन असलेला साधा कंदील करायचा होता. त्याला सारख्या लांबीच्या 24 कामट्या लागतात. आम्ही 8 इंचांच्या केल्या. माझी नऊ वर्षांची लेक एक कामटी कापायची, तिच्यावर ठेवून दुसरी, दुसरीवर ठेवून तिसरी. पाचव्या कामटीला आईने तिचा हात धरला. “अगं, असं नको. पहिलीच माप म्हणून बाजूला ठेव आणि प्रत्येक तिच्यावरच लाव. नाहीतर चूक पुढे पुढे वाढत जाते.” सांगाडा तिने कधी बांधला नव्हता, पण आयुष्यभर घरचे कपडे तिने बेतले होते. माप कसं घसरतं, हे तिला कापडाने शिकवलं होतं.

आधी चार कामट्यांचा एक, असे चार चौकोन बांधायचे. ते कोपऱ्यावर उभे करायचे, शंकरपाळ्यासारखे. शेजारच्या चौकोनाचा कोपरा याच्या कोपऱ्याला बांधत गेलं की चौघांचं कडं होतं. मग वरची चार टोकं चार कामट्यांनी जोडायची, खालची चार चारांनी. झाल्या 24. वर एक चौकोन आपोआप तयार होतो, खाली एक, आणि कडेने आठ त्रिकोण. एकूण 12 सांधे, प्रत्येकात चार कामट्या येऊन मिळतात. दोऱ्याचे वेढे उलटसुलट घालून गाठ आवळावी लागते. लेकीच्या गाठी सैल पडत होत्या, आईची बोटं संधिवाताने वळत नव्हती. म्हणून एक दोरा ताणून धरी आणि दुसरी गाठ मारी.

शेवटची गाठ बसली आणि लेकीने कंदील उचलला. तो डुलला. एका अंगाने दाबला की दुसरीकडे फुगायचा, वरून दाबला की पिळवटत खाली बसायचा. आईला वाटलं गाठी सैल राहिल्या. आम्ही सगळ्या गाठी पुन्हा आवळल्या. डुलणं कमी झालं, गेलं नाही.

इथे मला मॅक्सवेल आठवला, आणि त्याच्याबद्दल थोडं विस्ताराने लिहायला हवं. जेम्स क्लार्क मॅक्सवेल लोकांना विजेच्या आणि चुंबकत्वाच्या समीकरणांमुळे माहीत आहे. पण 1864 साली त्याने सांगाड्यांवर एक छोटा निबंध लिहिला. त्यातला हिशेब शाळेतल्या मुलीला समजेल इतका साधा आहे. हवेतला एक सांधा जागेवर धरायचा तर तीन गोष्टी पक्क्या कराव्या लागतात: तो पुढे-मागे किती, डावी-उजवीकडे किती आणि वर-खाली किती. 12 सांध्यांच्या 36 झाल्या. त्यातून सहा वजा करायच्या, कारण अख्खा कंदील उचलून कुठेही नेता येतो आणि कसाही फिरवता येतो, ते काही त्याचं मोडणं नव्हे. राहिल्या 30. एक कामटी एकच गोष्ट पक्की करते, दोन सांध्यांमधलं अंतर. म्हणजे ताठ उभं राहायला 30 कामट्या हव्यात. आमच्याकडे 24 होत्या. सहा कमी.

त्या सहा कुठे कमी आहेत, हेही दिसतं. त्रिकोण डुलत नाही, चौकोन डुलतो. अरविंद गुप्तांनी काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी वापरून देशभरच्या मुलांच्या हातात हीच गोष्ट दिली. आमच्या सांगाड्यात चौकोनही बरोबर सहाच होते: चार बाजूंना, एक वर, एक खाली. प्रत्येकाला एक तिरपी कामटी हवी. मॅक्सवेलचा नियम केवळ मोजणीचा आहे, हे मात्र विसरायचं नाही. सहा जादा कामट्या भलत्या ठिकाणी बांधल्या तर आकडा 30 भरेल आणि कंदील डुलतच राहील.

मी तिरप्या कामट्या कापायला घेतल्या, तर आईने हात आडवा केला. “कागदामागे तिरपी कामटी? तिची सावली पडेल. आमच्या घरी अशी कधीच नव्हती.” मग ते कंदील ताठ कसे राहत होते? तिला माहीत नव्हतं. मलाही त्या क्षणी सुचलं नाही.

ती खळीकडे वळली. दोन मोठे चमचे मैदा आधी थंड पाण्यात कालवला, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. मग वाटीभर पाण्यात मंद आचेवर चकचकीत होईपर्यंत ढवळला. पूर्वी झुरळं लागू नयेत म्हणून खळीत मोरचूद घालत. ते विष, आणि नातीचे हात खळीत बुडणार, म्हणून तिने घातलं नाही. रोज ताजी खळ शिजवली.

लहान तुकडे सोपे म्हणून लेकीने आधी आठ त्रिकोणांना पतंगी कागद लावला. वाळल्यावर उचलून पाहिलं, कंदील तसाच डुलत होता. त्रिकोण मुळात ताठच, त्यांना कागदाची गरज नव्हती. दुसऱ्या दिवशी चौकोन घेतले. इथे आईने माझ्या कुठल्याही पाठ्यपुस्तकात न सापडणारी गोष्ट केली. कागद लावण्याआधी तिने चौकोनाच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोरा ताणला, तोच दोरा दुसऱ्या तिरप्या अंतरावर धरला आणि दोन्ही सारखे होईपर्यंत सांगाडा सरकवला. 8 इंचांच्या चौकोनात हे अंतर सव्वाअकरा इंचांहून जरासं जास्त भरतं. “वाकडा असताना कागद लावला, तर वाकडाच वाळतो,” ती म्हणाली. कागद चारी बाजूंनी बोटभर मोठा कापायचा, कामटीवरून आत वळवायचा आणि तळहाताने मधून कडेकडे सारायचा. ओला असताना तो सैल दिसतो, सुरकुत्या पडतात. लेक तो ओढून ताणायला लागली, तशी आई म्हणाली, “ओढू नकोस. वाळताना तो स्वतःच ताणतो.” ओला कागद ओढून लावला तर वाळताना कामटीच आत वाकते. आमची एक वाकलीच, ती काढून पुन्हा करावी लागली.

चार चौकोन वाळले आणि मी कंदील हातात घेतला. बाजू हलेनात. ताणलेला कागद दोन्ही तिरप्या दिशांना ओढ धरतो. एका तिरप्या कामटीचं काम प्रत्येक चौकोनात कागद करत होता. सहातल्या चार उणिवा भरल्या होत्या. वर आणि खाली अजून थोडा झोल होता, कारण ते दोन चौकोन उघडे होते. मग आईने आठवून सांगितलं की वर दिवा टांगायला एक कामटी कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत बांधत आणि पूर्वी पणती ठेवायला खालीही एक. आम्ही बांधल्या. 24, चार कागद आणि दोन कामट्या. 30. कंदील दगडासारखा ताठ झाला.

मी त्या रात्री झोपले नाही. समीक्षकांना द्यायचं उत्तर माझ्या डोक्यात होतं ते असं की हाताने करण्यात शहाणपण असतं, वगैरे. ते गळून पडलं. त्याच्या जागी जे आलं ते मला अजून टोचतं. कित्येक घरांत कंदिलाचं काम असंच वाटलं जात होतं. बांधणं पुरुषांचं, चिकटवणं बायकापोरींचं. सांगाडा म्हणजे खरं काम आणि कागद म्हणजे सजावट, हे न बोलता ठरलेलं होतं. मीही तेच धरून चालले होते, कैच्या शिकवण्यात अर्धं आयुष्य घालवून. आणि हिशेब सांगतो की पुरुषांनी बांधलेला कंदील सहा कामट्यांनी अपुरा होता. त्यातल्या चार माझ्या आईने आणि मावश्यांनी वाटीतल्या खळीने भरल्या. त्याला कुणी बांधणं म्हटलं नाही, त्यांनी स्वतःही नाही.

समीक्षकांशी माझं भांडण आता वेगळं आहे. सर्वज्ञ आजी खोटी, हे त्यांचं मला मान्य. पण काम संपलेलं आहे, हे मान्य नाही. जे काय होतं हे अजून कुणी पाहिलंच नाही, ते संपलं असं कसं म्हणायचं? आईच्या घरात ते साठ-सत्तर वर्षं होत होतं आणि त्याला नाव नव्हतं. मी गोष्ट पुन्हा लिहिते आहे. तिच्यात डुलणारा सांगाडा आहे, वाकलेली कामटी आहे आणि ‘मला माहीत नाही’ म्हणणारी आजी आहे.

कंदील गॅलरीत टांगला. पहाटे दव पडलं की कागद ढिला व्हायचा, उन्हं आली की पुन्हा ताणायचा. लेक शाळेला जाताना बोटाने टिचकी मारून बघायची. भाऊबीजेला ती म्हणाली, आता सहा चौकोनांचा करू. त्याच 8 इंचांच्या कामट्यांनी तिने सहा चौकोन कड्यात बांधले आणि वरची टोकं जोडायला गेली, तर कामटी पोचेना, जवळजवळ दोन इंच कमी पडली. चौकोन चार असतात तेव्हाच सगळ्या कामट्या एका मापाच्या चालतात. सहाला वरच्या-खालच्या 12 कामट्या पावणेदहा इंचांच्या लागतात. मी आकडा सांगणार होते, पण आईने दोऱ्याचं रीळ उचललं होतं. तिने एका टोकापासून शेजारच्या टोकापर्यंत दोरा ताणला, दातांनी तोडला आणि नातीच्या हातात दिला. “हे माप बाजूला ठेव. बाकीच्या सगळ्या याच्यावरच लाव.”