दूरच्या लेकीचे पत्र



काही महिन्यांपूर्वी जुम्माच्या नमाजनंतर आमच्या मोहल्ल्यातील एक वयोवृद्ध चाचा माझ्याजवळ येऊन बसले. मशीद रिकामी होईपर्यंत ते थांबले आणि मग सदऱ्याच्या खिशातून एक जाड लिफाफा काढून त्यांनी माझ्या हाती दिला. ‘‘मौलाना, कुवेतहून लेकीचे पत्र आले आहे. रजेवर आलेल्या एका माणसाबरोबर पाठवले तिने. तुम्ही वाचून दाखवा.’’ मला आश्चर्य वाटले. हे चाचा सव्वीस वर्षे जहाजावर खलाशी होते, मराठी वर्तमानपत्र रोज वाचणारे. मी विचारले तेव्हा ते म्हणाले, ‘‘अक्षर दिसत नाही आता. मोतीबिंदू आहे. घरात कोणाला वाचायला सांगितले, तर लेकीला कळेल.’’

चाचांच्या आणि त्यांच्या लेकीच्या परवानगीने, ओळख पटू नये एवढा बदल करून, त्या पत्राविषयी मी आपल्याशी बोलत आहे. आपल्या कोकणातील क्वचितच एखादे घर असे असेल, ज्यातील कोणी ना कोणी समुद्रापलीकडे नाही. म्हणूनच हा प्रश्न एका घराचा उरत नाही.

ही मुलगी नर्स आहे. नवरा आणि दोन मुलांसह ती तिकडे राहते आणि दोन वर्षांतून एकदा तीस दिवसांसाठी गावी येते. पत्र मराठीत होते, कारण तिचे शिक्षण गावच्या मराठी शाळेत झाले. फोन रोज होत असताना पत्र कशासाठी, याचे उत्तर तिने पहिल्याच ओळीत दिले होते: ‘‘अब्बा, फोनवर तुम्ही ‘सगळे ठीक आहे’ म्हणता आणि मीही ‘सगळे ठीक आहे’ म्हणते, म्हणून लिहिते आहे.’’ पुढे तिने एक हिशेब मांडला होता. ‘‘तुम्ही बहात्तर वर्षांचे आहात. अल्लाहने तुम्हाला आणखी दहा वर्षे दिली, तरी माझ्या पाच फेऱ्या होतील. पाच फेऱ्यांचे दीडशे दिवस. म्हणजे मला माझे वडील उरले आहेत ते पाच महिने. इथे मी रोज दुसऱ्यांच्या वडिलांना उठवून बसवते, त्यांना भरवते. माझ्या अम्मीला गुडघ्यामुळे जिना चढवत नाही, हे मला भाबीकडून कळते. गेल्या रमजानमध्ये आपल्या मशिदीचे बयान कोणीतरी मोबाइलवर पाठवले. त्यात ती हदीस होती. तेव्हापासून मला झोप नाही.’’

ते बयान माझेच होते.

ती हदीस हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) यांनी कथन केली असून ती अबू दाऊद आणि नसाई या संग्रहांत आहे. हिजरतची शपथ घेण्यासाठी एक मनुष्य प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या सेवेत आला आणि आपण आई-वडिलांना रडत सोडून आलो, असे त्याने सांगितले. प्रेषितांनी (स.) त्याला परत पाठवले, आणि ज्यांना रडवलेस त्यांना आता हसव, असे सांगितले. हदीस सत्य आहे, तिचा भारही सत्य आहे. परंतु मिंबरवरून मी ती सांगितली आणि पुढच्या विषयाकडे वळलो. ती ऐकणाऱ्यांत एखादी अशी लेक असेल जिला तिच्या वडिलांनीच संमती देऊन पाठवले आहे, हा विचार माझ्या मनात आला नाही. जे अपूर्ण सांगितले गेले, ते पूर्ण करणे माझ्यावर बाकी होते.

म्हणून मी चाचांना पहिला प्रश्न केला, ‘‘तिला जाऊ देण्यास तुम्ही राजी होता काय?’’ ते म्हणाले, ‘‘राजी? नर्सिंगच्या फीसाठी कलमांची बाग दोन वर्षे गहाण टाकली मी. विमानतळावर रडलो, ते वेगळे.’’ वाचकहो, हा भेद येथे महत्त्वाचा आहे. त्या हदीसमधील माता-पिता मुलाच्या जाण्याने दुखावले होते, आणि त्यांना त्याच दुःखात सोडून तो निघाला होता. चाचांचे अश्रू निरोपाचे होते. डोळ्यांतील प्रत्येक पाणी ही तक्रार नसते. आपल्या फुकहांनीही प्रवासाचा विचार करताना हेच पाहिले आहे की मार्ग सुरक्षित आहे काय, आई-वडिलांची संमती आहे काय, आणि मुलाच्या जाण्याने ते निराधार तर होत नाहीत ना. संमती असेल आणि सांभाळणारे कोणी घरी असेल, तर उपजीविकेसाठी दूर राहणे हा गुन्हा ठरत नाही. मात्र सांभाळणारे कोणीच नसेल, तर मुलांपैकी कोणीतरी जवळ असणे हे कर्तव्य होते. मग पगाराचा आकडा ही सबब राहत नाही.

मग या मुलीच्या मनातील अपराधभावाचे काय करायचे? तो निराधार म्हणून झटकायचा काय? मला तसे वाटत नाही. इमाम नववी (रह.) यांनी ‘रियाजुस्सालिहीन’मध्ये तौबाच्या अटी सांगितल्या आहेत. गुन्हा सोडणे, त्याचा पश्चात्ताप होणे, पुन्हा न करण्याचा निश्चय करणे; आणि गुन्हा माणसाच्या हक्काशी संबंधित असेल, तर तो हक्क चुकता करणे. या चारही अटींना एक निश्चित कृत्य लागते. कोणते कृत्य सोडायचे, कोणाचा कोणता हक्क परत करायचा, हे ज्याला सांगता येत नाही, त्याचा पश्चात्ताप वर्षानुवर्षे चालला तरी तौबापर्यंत पोहोचत नाही. ‘मी वाईट मुलगी आहे’ या वाक्यातून काहीच फेडता येत नाही. ‘अब्बांच्या डोळ्यांचे ऑपरेशन राहिले आहे’ या वाक्यातून फेडता येते. अपराधभाव हा साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे. त्याला बसवून विचारावे: नेमका कोणता हक्क बाकी आहे?

असे विचारल्यावर या घरात दोन हक्क बाकी निघाले. दोन्ही त्या दीडशे दिवसांच्या हिशेबाबाहेरचे होते.

पहिला डोळ्यांचा. चाचांना दीड वर्षापासून धूसर दिसत होते. ‘मोतीबिंदू पिकू द्यावा, मग काढावा’ ही जुनी समजूत त्यांनी धरली होती. आता त्याची आवश्यकता नसते. उलट फार पिकलेला मोतीबिंदू कठीण होतो आणि शस्त्रक्रिया अवघड होते. खरे कारण दुसरेच होते. लेकीला कळले तर ती नोकरी टाकून धावत येईल, ही भीती. मी त्यांना म्हणालो, ‘‘चाचा, तिच्यावर तुमचा जो हक्क आहे तो फेडण्याची वाटच तुम्ही बंद केली आहे. तिला अपराधी वाटते, कारण काहीतरी लपवले जात आहे हे तिला जाणवते.’’ ते बराच वेळ गप्प राहिले. मग त्यांनी सांगितले की त्यांची आई वारली तेव्हा ते जहाजावर होते. तार हाती पडली तेव्हा दफन होऊन नऊ दिवस झाले होते. आई आजारी असल्याचे घरच्यांनी कळवलेच नव्हते, ‘उगाच काळजी नको’ म्हणून. ज्या मौनाने त्यांना आयुष्यभर बोचले, तेच मौन ते प्रेमापोटी लेकीला देत होते.

दुसरा हक्क भाबीचा. लेक दर महिन्याला वडिलांच्या नावे पैसे पाठवीत असे आणि त्यामुळे आपले कर्तव्य निदान अर्धे तरी होते, असे तिला वाटे. अम्मीला अंघोळ घालणे, गुडघ्याला शेक देणे, रात्री उठणे हे सारे भाबी करीत होती. आपण सहज विसरतो की आई-वडिलांच्या सेवेचे कर्तव्य शरीअतने त्यांच्या मुला-मुलींवर ठेवले आहे, सुनेवर नव्हे. सून करते तो तिचा इहसान आहे. म्हणजे दूर असलेली लेक ज्या निश्चिंतीवर उभी असते, ती दुसऱ्या एका लेकीच्या श्रमांची असते. त्याचे ऋण मानणे आणि तो भार हलका करणे, हा या मुलीवरील खरा बाकी हक्क होता. तिचा अपराधभाव मात्र त्याविषयी मूक होता.

चाचांनी त्याच संध्याकाळी फोन करून डोळ्यांचे सांगितले. लेक रडली, रागावली आणि मग कामाला लागली. पहिल्या डोळ्याची शस्त्रक्रिया मुलाने महिन्याच्या आत करवून घेतली. त्यानंतर काही आठवडे दिवसातून अनेकदा थेंब घालावे लागतात आणि दोन वेगळ्या औषधांमध्ये काही मिनिटांचे अंतर ठेवावे लागते. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून लेकीने त्याचे वेळापत्रक मोठ्या अक्षरांत लिहून पाठवले. ते भिंतीवर चिकटवले गेले. दुसऱ्या डोळ्यासाठी तिने आपली रजा पुढच्या वर्षावरून अलीकडे ओढली. अम्मीसाठी सकाळी तीन तास येणारी बाई ठेवली, तिचा पगार लेक देते. भाबीशी ती कितीतरी दिवसांनी तिच्यासाठी म्हणून बोलली.

तरीही काही उरतेच. एखाद्या मध्यरात्री फोन वाजेल आणि विमान वेळेवर पोहोचणार नाही, ही शक्यता कोणत्याही वेळापत्रकाने मिटत नाही. पण जे उरते त्याचे नाव गुन्हा नाही, त्याचे नाव दुःख आहे. हजरत याकूब (अ.) यांचे डोळे पुत्रवियोगाने पांढरे झाले, असे कुरआन सांगते, आणि त्या दुःखाला दोष देत नाही; त्यांनी आपली व्यथा अल्लाहसमोर मांडली, एवढेच सांगते. गुन्ह्यासाठी तौबा आहे, दुःखासाठी दुआ. दोहोंची गल्लत केली की माणूस जे फेडता येते ते फेडत नाही आणि जे फेडायचेच नाही त्याखाली दबून जातो.

दीडशे दिवसांच्या हिशेबाविषयी चाचांनी जे उत्तर लिहून पाठवले, ते त्यांनी मला दाखवले. या वेळी ते त्यांच्याच हस्ताक्षरात होते, ओळी थोड्या वाकड्या. त्यांनी लिहिले होते: ‘‘बेटी, आयुष्य किती ते अल्लाहला ठाऊक, तू मोजू नकोस. माझ्या आईला मी मातीही देऊ शकलो नाही. पण प्रत्येक नमाजनंतर तिच्यासाठी दुआ करतो आणि तिच्या मैत्रिणी होत्या तोवर त्यांना ईदला भेटायला जात होतो, कारण मरणानंतरही आई-वडिलांचा एवढा हक्क बाकी राहतो, असे हदीसमध्ये ऐकले होते. तुझ्याकडे तर मी अजून जिवंत आहे. यापुढे मी काही लपवणार नाही. तूही लपवू नकोस.’’

वाचकहो, आपल्यापैकी कोणाची लेक वा लेक दूर असेल, तर आज फोनवर ‘सगळे ठीक आहे’ म्हणण्यापूर्वी क्षणभर थांबावे. आणि जे दूर आहेत, त्यांनी आपल्या मनातील बोचणीला एकदा नाव विचारावे. हक्क निघाला तर तो फेडावा. दुःख निघाले तर, लहानपणी ज्यांनी आपल्याला वाढवले त्यांच्यावर दयेचा वर्षाव व्हावा, ही कुरआनने शिकवलेली दुआ करावी. अल्लाह आपल्या सर्वांना याची तौफीक देवो. आमीन.