शिफारसपत्रातली मोजकी स्तुती

तत्त्वज्ञ पॉल ग्राइस यांनी १९७५ साली छापून आलेल्या एका निबंधात एक शिफारसपत्र कल्पिले आहे. तत्त्वज्ञानाशी संबंधित जागेसाठी अर्ज करणाऱ्या विद्यार्थ्याबद्दल प्राध्यापक एवढेच लिहितात, की त्याचे इंग्रजी उत्तम आहे आणि तो तासांना नियमित येतो. पत्रात निंदा कुठेच नाही, पण तत्त्वज्ञानाबद्दल अवाक्षर नाही, आणि वाचणारा काय समजायचे ते समजतो. म्हणजे स्तुती किती, हे नुसत्या विशेषणांवरून ठरत नाही. अशा पत्रात काय असायला हवे होते याची वाचणाऱ्याची एक अपेक्षा असते, तिच्याशी ताडून ते ठरते. मराठीतले शिफारसपत्र इंग्रजीत नेताना ही अपेक्षाच बदलते. आपल्याकडे ‘नियमित, कष्टाळू, मनमिळाऊ’ ही पत्राची नेहमीची सुरुवात असते. तिच्यामागे काही सुचवायचे नसते. तीच ओळ अमेरिकेतल्या प्रवेश समितीसमोर गेली, तर ती ग्राइसच्या पत्रासारखी वाचली जाण्याचा धोका आहे.

समजा, इतिहासात एम. ए. झालेल्या एका विद्यार्थिनीला तिकडे पीएच. डी.साठी अर्ज करायचा आहे. सरांच्या पत्राचा गाभा असा: ‘ती नियमित व अभ्यासू आहे. प्रबंधिकेसाठी तिने पेशवे दफ्तरातले मोडी कागद स्वतः वाचले. एम. ए.च्या पातळीवर असे काम माझ्या पाहण्यात क्वचितच आले आहे. इंग्रजी ती बऱ्यापैकी लिहिते. तिला उज्ज्वल भविष्यासाठी शुभेच्छा.’ भाषांतरकाराचा हात पहिल्यांदा शिवशिवतो तो ‘क्वचितच’पाशी. त्याचे ‘अनपॅरलल्ड’ केले की पत्र तिकडच्या पत्रांसारखे दिसू लागते. पण सरांनी आणखी एखाददुसरे असे काम पाहिले असेल, आणि त्याची जागा त्यांनी शब्द निवडून राखून ठेवली आहे. तिथे ‘रेअरली’ एवढेच हवे. ‘बऱ्यापैकी’चे ‘फ्लुएंट’ करणे हा त्याच चुकीचा दुसरा नमुना. शेवटच्या शुभेच्छा हा रिवाज आहे. त्यातून ‘तिचे भविष्य उज्ज्वल आहे याबद्दल मला शंका नाही’ असे भाकीत काढले, तर सरांनी न दिलेली हमी त्यांच्या नावावर पडते.

या पत्रातली खरी स्तुती मात्र मधल्या, विशेषण नसलेल्या वाक्यात आहे. पुण्याच्या पुराभिलेखागारात बसून मोडी वाचणे म्हणजे काय, हे मराठी वाचकाला सांगावे लागत नाही. लपेटीची लिपी, न तोडलेले शब्द, जागोजागी संक्षेप. अनेक अभ्यासक छापील निवडींवर भागवतात. परदेशी वाचकाला यातले काहीच दिसत नाही. त्यामुळे शब्दाला शब्द बरोबर ठेवूनही पत्रातली सर्वांत वजनदार ओळ हलकी होते, आणि ‘नियमित व अभ्यासू’ तेवढे उठून दिसते. उपाय विशेषण चढवण्यात नाही. मोडी ही जुनी, जलद लिहायची लिपी असून ती वेगळी शिकावी लागते, एवढी एक ओळ सरांनी मूळ पत्रात घालावी, असे भाषांतरकार त्यांना सुचवू शकतो. ती ओळ त्याने परस्पर घालू नये.

यावर आक्षेप येतो, आणि तो पोकळ नाही. तिकडे सगळेच चढ्या आवाजात बोलत असतील, तर सौम्य पत्र देणाऱ्या सरांची विद्यार्थिनी विनाकारण मागे पडते; मग सगळे पत्र सारखेच चढवले तर बिघडले कुठे? बिघडते ते असे, की सारखे चढवणे जमत नाही. ‘चांगली’चे ‘एक्सलंट’ केले की ‘उत्कृष्ट’ला वर सरकायला जागा उरत नाही आणि दोन्ही एका पायरीवर येतात. याची परीक्षा सोपी आहे. एकाच प्राध्यापकाची दोन विद्यार्थ्यांसाठीची दोन पत्रे भाषांतरित करावीत आणि मराठी न जाणणाऱ्या माणसाला विचारावे, सरांना अधिक कोण आवडले? मराठीत स्पष्ट दिसणारे उत्तर इंग्रजीत पुसट झाले असेल, तर भाषांतर फसले. शिवाय भाषांतर पूर्ण आणि अचूक आहे असे लिहून देऊन भाषांतरकार सही करतो. स्तुतीची मात्रा वाढवून ती सही खरी राहत नाही. सर स्वतः पत्र चढ्या सुरात पुन्हा लिहू शकतात, तो त्यांचा अधिकार आहे. शिफारशीच्या फॉर्मवरच्या ‘पहिल्या पाच टक्क्यांत’ अशा रकान्यांवर खूणही त्यांनीच करावी. ‘हुशार’ या शब्दावरून टक्केवारी काढता येत नाही.

अडचण वाढते ती भाषांतराचे पैसे विद्यार्थी देतो तेव्हा. ज्याच्याबद्दल पत्र आहे तोच समोर बसून ‘जरा चांगलं करा ना’ म्हणतो. अमेरिकेत १९७४च्या कायद्याने प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याला असे पत्र पाहण्याचा हक्क आहे, पण अर्ज करतानाच तो सोडण्याची सोयही आहे, आणि हक्क सोडलेल्या पत्रावर समिती अधिक विश्वास टाकते. तो सोडून तेच पत्र हातात घेऊन भाषांतरकाराकडे जाणे म्हणजे सोडलेला हक्क मागच्या दाराने वापरणे. म्हणून पत्र सरांकडून थेट भाषांतरकाराकडे जावे, शंका सरांनाच विचाराव्यात, आणि मूळ व भाषांतर दोन्ही सरांच्याच हातून समितीकडे जावे. विद्यार्थ्याकडे फक्त बिल यावे.