मला यमू म्हणा

प्रिय मैत्रिणींनो, आणि आपल्या कंपूत इतकी वर्षं मुकाट्याने टिकून राहिलेल्या दोघा मित्रांनो,

हे पत्र एकेकाला फोन करून सांगता आलं असतं. पण फोनवर तुम्ही हसला असता, मीही हसले असते आणि विषय तिथेच संपला असता. म्हणून लिहिते आहे. यापुढे मला ‘ढब्बू’ऐवजी ‘यमू’ म्हणावं, एवढीच विनंती आहे. बाकीचं पत्र ते का आणि कसं, याबद्दल.

ढब्बू या नावाचा मला राग नाही. वसतिगृहाच्या मेसमध्ये ढब्बू मिरचीची भाजी दुसऱ्यांदा वाढून घेतली, आणि माझी अंगकाठी भाजीला शोभेशी होती, म्हणून ते चिकटलं. त्या नावाने तुम्ही माझ्या आजारपणात रात्री जागलात, तेव्हा त्यात माया नव्हती असं कोण म्हणेल? पण ते नाव माझ्या शरीरावरचा शेरा आहे. विशीत तो खपून गेला. साठीच्या उंबरठ्यावर, परक्या माणसांसमोर त्याच नावाने हाक आली की आधी मला त्याचा खुलासा करावा लागतो, आणि खुलासा करताना पुन्हा माझ्या वजनाकडेच सगळ्यांचं लक्ष जातं.

माझी बाकीची नावंही मला विचारून ठेवलेली नाहीत. बारशाला आत्याने कानात ‘नलिनी’ सांगितलं. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने ‘मृणाल’ लिहिलं गेलं, भटजींनी ते मोठ्याने वाचलं आणि पेढे वाटले गेले. नलिनी म्हणजे कमळण आणि मृणाल म्हणजे तिचाच देठ, तेव्हा सासरच्यांनी निदान झाड तरी बदललं नाही, असा विनोद मी बरीच वर्षं करत आले.

आता यमूच का. आमच्या घराण्यात यमुना कोणी नाही. हे नाव मला चरित्रांत सापडलं. कल्याणच्या जोश्यांची यमुना लग्नानंतर आनंदी झाली, १८८३ मध्ये अमेरिकेला गेली आणि १८८६ मध्ये डॉक्टर होऊन आनंदीबाई जोशी म्हणून इतिहासात राहिली. साताऱ्याकडच्या कुर्लेकरांची यमुना १८७३ मध्ये रानड्यांच्या घरी आली आणि रमा झाली. दोघींनी अफाट कामं केली, पण ती सगळी दिलेल्या नावाने. यमुना हे नाव दोन्हीकडे लग्नमंडपातच राहिलं. टाकून दिलेलं इतकं चांगलं नाव कोणीतरी उचलावं, असं मला वाटलं. त्यात कुणाचं स्मारक करायचा आव नाही. जीभ सहज वळते, जिन्याखालून ओरडलं तरी वर ऐकू येतं, आणि त्यात माझ्या दिसण्याबद्दल एक अक्षरही नाही.

तुमच्यातली एक जण लगेच म्हणेल, “म्हणजे यमाची बहीण का गं?” तर हो. भाऊबीज म्हणजे यमद्वितीया. त्या दिवशी यम बहिणीकडे जेवायला जातो आणि यमुना त्याला ओवाळते, अशी कथा आहे. मृत्यूला पाटावर बसवून जेवू घालणारी बाई मला तरी नावासाठी वाईट वाटत नाही.

स्वतःचं नाव स्वतः घ्यायची रीत आपल्याकडे नवी नाही, पण ती लेखकांची. बाळूताई खरे यांनी १९३३ मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ विभावरी शिरूरकर या नावाने छापलं. कुमारिकांची आणि परित्यक्तांची दुःखं उघड मांडल्यावर जे वादळ उठलं, त्यात ते नाव त्यांना आडोसा झालं. पुढे लग्नानंतर त्या मालतीबाई बेडेकर झाल्या. म्हणजे तीन नावांपैकी स्वतः निवडलेलं एकच, आणि तेही लपण्यासाठी. कुसुमाग्रजांचं उदाहरण मला अधिक विचार करायला लावतं. जन्मनाव गजानन रंगनाथ शिरवाडकर. काकांकडे दत्तक गेल्यावर ते विष्णू वामन झाले. मग कुसुम या धाकट्या बहिणीचा थोरला भाऊ म्हणून त्यांनी आपणहून कुसुमाग्रज हे नाव घेतलं. ते साऱ्या महाराष्ट्राने उचललं. आणि नाशिकला घरी येणारी माणसं त्यांना काय म्हणत? तात्या, तात्यासाहेब.

मला यातून असं दिसतं की निवडलेलं नाव परक्यांच्या तोंडी लवकर बसतं, कारण त्यांच्याकडे दुसरं नाव नसतं. जवळच्यांकडे ते असतं. शासनाकडे अर्ज आणि कागदपत्रं दिली, तर राजपत्रात जुनं नाव आणि नवं नाव छापून येतं, मग बँक, पासपोर्ट, सगळे निमूट ऐकतात. लाडक्या नावाला असं राजपत्र नाही. मी आरशासमोर शंभरदा यमू म्हटलं तरी ते माझं नाव होत नाही. दुसऱ्याने हाक मारली आणि मी वळून पाहिलं, की झालं. म्हणजे या कामातला मोठा वाटा तुमचा आहे, आणि म्हणूनच हुकूम नाही, विनंती आहे.

थोडं व्यवहाराचं. पहिले काही महिने तुमच्या तोंडून ढब्बू निघेलच. निघालं तर ‘यमू’ म्हणून वाक्य पुढे न्या. जीभ चावून माफी मागत बसू नका, कारण मग मला तुमची समजूत काढावी लागते आणि मूळ गप्पा राहून जातात. नवं नाव डोळे मिचकावून, “आमच्या यमूबाई हो” अशा सुरात घेऊ नका. थट्टेतलं नाव थट्टेतच राहतं. खरी सवय मी समोर नसताना लागते. तुम्ही दोघी बाजारात माझ्याविषयी बोलाल, तेव्हा यमू म्हणा. माझ्यामागे ढब्बू आणि तोंडावर यमू असं चाललं, तर दर वेळी मला पाहून तुम्हाला अडखळायला होईल, आणि ते मला लगेच कळेल. मोबाइलमधलं माझं नावही आजच बदलून टाका, रोज डोळ्यांना दिसलं की तोंडात येतं.

जुने किस्से सांगताना काय करायचं, हा प्रश्न मलाही पडला. माझं मत असं की किस्सा तोच ठेवा, नाव यमू घ्या. फक्त मेसच्या भाजीचा किस्सा ढब्बूशिवाय सांगताच येणार नाही, तो आहे तसा सांगा, पण आपल्यातच. आईला यातलं काही सांगू नका. ती नव्वदीकडे झुकली आहे, तिच्यासाठी मी नली आहे आणि तिच्याकडे मी हे मागणार नाही. सासरी आणि कागदोपत्री मृणालच राहू दे. सगळ्या जगाने बदलावं असा माझा हट्ट नाही. जिथे मी सगळ्यात मोकळी असते, तिथे हाकही माझ्या पसंतीची असावी, एवढंच.

आणि कुणाला हे जमलंच नाही, किंवा पटलंच नाही, तर तसं सरळ सांगा. मैत्री तुटणार नाही. पण अधूनमधून मी आठवण करून देईन, तेव्हा चिडू नका.

भाऊबीजेला दुपारी सगळ्यांनी फराळाला यायचं आहे. माझ्या सुनेने तुमच्यापैकी कुणालाच अजून पाहिलेलं नाही. तिच्यासमोर पहिली हाक तेवढी यमू अशी मारा.

तुमची,
यमू