मधली वीस मिनिटे

खोटे बोलणे पाप आहे, हे मला बालपणीच सांगण्यात आले होते. पण सांगणाऱ्यांच्याच दिवाणखान्यातले घड्याळ दहा मिनिटे पुढे असे. 'गाडी चुकू नये म्हणून' ही त्याची सबब. गंमत अशी, की घड्याळ पुढे आहे हे घरातल्या मांजरालासुद्धा ठाऊक होते. त्यामुळे जो तो मनातल्या मनात दहा मिनिटे वजा करायचा, आणि कुणी सावधगिरीने पंधरा वजा केली की हमखास गाडी चुकायची.

हे सगळे आठवायचे कारण म्हणजे गेल्या वर्षी साहेबांनी माझ्यावर सोपवलेली एक कामगिरी. चेन्नईहून आमचे एक ग्राहक एका दिवसासाठी मुंबईला येणार होते. त्यांचा दिवसभराचा कार्यक्रम आखून मोबाइलवर पाठवायचा. ''दोन मीटिंगांच्या मध्ये बफर ठेवा हं!'' साहेब म्हणाले. बफर हा शब्द मला तोवर रेल्वेच्या डब्यांपुरताच माहीत होता. दोन डबे एकमेकांवर आदळले की धक्का सोसणारा तो बिचारा. पुढे कळले की कार्यक्रमपत्रिकेतही त्याचे काम तेच असते. फक्त तिथे धक्का कोण सोसतो, हा प्रश्न कुणी विचारत नाही.

मी मोठ्या हौशीने निरोप लिहिला. पाहुणे नरीमन पॉइंटच्या हॉटेलात. सकाळी पावणेनऊला गाडी. दहा ते अकरा लोअर परळ. बारा ते एक बीकेसी. मग जेवण. तीन ते साडेचार अंधेरीची एमआयडीसी. तिथून विमानतळ, रात्री आठचे विमान. लोअर परळ ते बीकेसी नकाशा चाळीस मिनिटे दाखवत होता. मी तास दिला, म्हणजे वीस मिनिटांचा बफर. असा उदारपणा आमच्या घराण्यात कुणी केला नव्हता.

प्रत्यक्षात काय झाले ते सांगतो. अकराला संपणारी मीटिंग अकराला संपतच नाही. 'बरं तर मग' म्हणून सगळे उभे राहतात आणि खरे बोलणे तिथून सुरू होते. ही पाच मिनिटे. लिफ्ट येणे, ड्रायव्हरला फोन लागणे, तळघरातल्या पार्किंगमधून गाडी वर येणे, ही दहा. गाडीत चाळीस. पुढच्या फाटकाशी गाडीची डिकी उघडून दाखवणे, वहीत नाव लिहिणे, फोटो काढून घेणे, पास गळ्यात अडकवणे, ही पंधरा. बेरीज करा. सत्तर! माझी वीस मिनिटे शिल्लक तर नव्हतीच, उलट दहा मिनिटांची उधारी झाली होती. नकाशा फक्त चाकांचा वेळ मोजतो. माणसाला पायही असतात, हे त्याच्या गावी नाही. शिवाय मी तो पाहिला होता आदल्या रात्री अकरा वाजता, म्हणजे मुंबई शहाण्यासारखी वागत असते तेव्हा. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला निघायचे असेल तर तीच वेळ घालून पाहायचे असते, हे शहाणपण मला नंतर आले.

पण माझी खरी चूक बेरजेतली नव्हती. ती होती पावणेनऊच्या त्या ओळीत. खरे म्हणजे नऊला निघाले तरी चालले असते. पण पाहुणे उशीर करतील म्हणून मी त्यांना पावणेनऊ सांगितले. गाडी उशीर करील म्हणून गाडीवाल्या एजन्सीला सव्वाआठ सांगितले. एजन्सीला ड्रायव्हरचा भरवसा नाही, म्हणून तिने त्याला आठ सांगितले. ड्रायव्हरला रस्त्याचा भरवसा नाही, म्हणून तो पावणेआठलाच हजर! नालासोपाऱ्याहून पहाटेची लोकल पकडायची, गॅरेजमधून गाडी काढायची आणि मग यायचे, असा त्याचा हिशेब. नऊच्या एका साध्या, प्रामाणिक वेळेला तिघांनी मिळून पाऊणशे मिनिटे नेसवली होती, आणि त्या सगळ्या निऱ्या एकाच माणसाच्या कमरेला.

संध्याकाळी पाचच्या सुमाराला अंधेरीहून विमानतळाकडे जाताना त्याने गाडी हळूच कडेला घेतली. ''साहेब, पाच मिनिटं. एक वडापाव खाऊन येतो. सकाळपासून काही नाही पोटात.'' दुपारी आम्ही जेवत होतो तेव्हा मीच त्याला 'दारातच थांबा, केव्हाही निघू' असे बजावले होते. पाहुणे त्याच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत राहिले. मग खिशातून मोबाइल काढून त्यांनी माझा निरोप पुन्हा वाचला आणि अगदी शांतपणे विचारले, ''यांचं जेवण कोणत्या बफरमध्ये होतं?''

विमान मिळाले. पाहुणे हात मिळवून गेले. मला मात्र परतीच्या वाटेवर धर्मराज आठवला. अश्वत्थामा नावाचा हत्ती मेला, हे काही असत्य नव्हते. तरी त्याचा जमिनीपासून चार अंगुळे वर चालणारा रथ खाली आला. पावणेनऊ हेही असत्य नव्हते. पावणेनऊला गाडी होतीच की! पण ते बोलण्यामागचा माझा हेतू समोरच्याला अंधारात ठेवण्याचाच होता.

मग सावधगिरी आणि थाप यांतली रेघ कुठे काढायची? पुष्कळ विचारानंतर मला एक कसोटी सापडली आहे. जो बफर उघड लिहिता येतो ती सावधगिरी. जो लपवावा लागतो ती थाप. उघड बफर सगळ्यांच्या मालकीचा असतो. लपवलेल्या बफरचे भाडे दुसराच कुणीतरी भरतो, आणि बहुधा ज्याला तक्रार करता येत नाही असाच. शिवाय लपवलेला टिकतही नाही. एकदा कळले की लोक आमच्या घड्याळासारखी वजाबाकी करू लागतात.

गेल्या महिन्यात ते गृहस्थ पुन्हा आले. या वेळी निरोप असा गेला :

'गाडी ९.०० वाजता निघेल. (ड्रायव्हरलाही ८.५० हीच वेळ दिली आहे.)
१०.०० ते ११.०० लोअर परळ.
११.०० ते १२.३० प्रवास. गाडीत ४० मिनिटे, निरोप-लिफ्ट-पास ३०, मोकळी २०.
१२.३० ते १.३० बीकेसी. १.३० ते २.३० जेवण, आपले आणि ड्रायव्हरचेही.
उशीर झाल्यास अंधेरीची भेट आखडती घेऊ. विमानतळाकडे ५.०० वाजता निघणे मात्र पक्के.'

मोकळा वेळ चार ठिकाणी चिमूटचिमूट वाटण्यापेक्षा जेवणाशी आणि विमानाशी ठेवावा, हे त्यातले दुसरे शहाणपण. कारण मीटिंगच्या शेपटाशी मोकळी जागा दिसली की मीटिंग तिथपर्यंत पसरते. विमान मात्र कुणासाठी पसरत नाही.

तर पाहुणे नऊला पाच कमी असताना खाली उतरले. गाडी समोर उभी होती. ''बरोबर नऊ?'' त्यांनी विचारले. ''बरोबर नऊ,'' मी म्हणालो. तेव्हा ड्रायव्हर नम्रपणे म्हणाला, ''साहेब, एजन्सीनं मला आठलाच बोलावलं होतं.''